ताब्याआधीचं व्याज: माझी चूक एका तारखेची होती

धायरीतल्या फ्लॅटचं कर्ज जून 2019 मध्ये सुरू झालं, ताबा मिळाला नोव्हेंबर 2022 मध्ये. प्राप्तिकर भरताना ताब्याआधीचं व्याज उत्पन्नातून पाच समान वार्षिक हप्त्यांत वजा करता येतं, एवढं ठाऊक होतं. म्हणून मी ताब्याच्या दिवसापर्यंतचं सगळं व्याज जोडलं, 4,34,000 रुपये, आणि पाचने भागलं. 86,800 आले. त्यात डिसेंबर ते मार्चचे 42,000 मिळवून 1,28,800 रुपयांची वजावट घेतली.

नंतर बँकेचं व्याज प्रमाणपत्र वर्षवार लावून बसलो तेव्हा खटकलं. 'ताब्याआधीचा काळ' ताब्याच्या दिवशी संपत नाही. ज्या आर्थिक वर्षात घर मिळालं, त्याच्या आधीच्या 31 मार्चलाच तो संपतो. माझ्यासाठी 31 मार्च 2022. तोवरचं व्याज 3,50,000, म्हणजे वर्षाला 70,000. एप्रिल ते नोव्हेंबरचे 84,000 त्याच वर्षाच्या चालू व्याजात जातात. ते 1,26,000 झालं. एकूण 1,96,000!

डिसेंबर 2023 संपायच्या आत सुधारित विवरणपत्र भरलं आणि 67,200 रुपयांची राहिलेली वजावट मिळाली.

स्वतः राहत असलेल्या घराला 2 लाखांची मर्यादा आहे, आणि हप्ता तिच्यातच धरला जातो; वरची रक्कम पुढे नेता येत नाही. ही वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, त्यामुळे हे पाच हप्ते संपेपर्यंत दरवर्षी प्रणाली निवडताना मी 70,000 आधी मांडतो.