चौकातला पुतळा नेमका कोणाचा? कोनशिलेवर भरवसा ठेवण्याआधी

विदर्भातल्या गावात एखाद्या चौकाचा फोटो हाती आला, की लोक आधी तो मोबाइलवर चित्र-शोधात टाकतात आणि पहिलं येणारं नाव खाली लिहून मोकळे होतात. असं करू नका. शोधात सगळ्यांत प्रसिद्ध माणूस वर येतो, गावातला नव्हे. चौकाच्या नावावरही जाऊ नका. 'गांधी चौक' अनेकदा पुतळ्याच्या कितीतरी आधीपासून गांधी चौक असतो.

पहिली पायरी सोपी. पुतळ्याला चारी बाजूंनी फेरी मारा, चौथऱ्याचे, मागच्या बाजूचे, कठड्याचे फोटो घ्या. खराटा आणि डोक्यावर गाडगं दिसलं की गाडगेबाबा, खंजिरी दिसली की तुकडोजी महाराज. यात कोणी फसत नाही.

दुसऱ्या पायरीवर, म्हणजे कोनशिला वाचताना, मी स्वतः दोनदा तोंडघशी पडलो. शिलेवर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत असतं ते उद्घाटकाचं नाव. म्हणून नावं वाचू नका, नावापुढचे शब्द वाचा. 'यांच्या हस्ते' म्हणजे फीत कापणारा. 'सौजन्य' किंवा 'यांजकडून' म्हणजे पैसे देणारा. 'स्मरणार्थ', 'स्मृतिप्रीत्यर्थ' यांच्या आधी येतो तो माणूस खरा, पण तोही पुतळ्यातला असेलच असं नाही. कारंज्याच्या बाबतीत हे हमखास घडतं. कोरडं पडलेलं कारंजं 'कै. वडिलांच्या स्मरणार्थ' कोणीतरी बांधलेलं असतं आणि त्याच्या मधोमध उभा पुतळा भलत्याचाच असतो. अशा वेळी एकाच चौकात दोन स्मारकं आहेत असं समजून दोन नोंदी करा. आणि तारीख? ती भूमिपूजनाची, अनावरणाची की जीर्णोद्धाराची, हे शिलेवर लिहिलेलं नसेल तर ती तारीख वापरू नका. शिला नवी आणि पुतळा जुना असं गावोगावी आढळतं.

माझी दुसरी फजिती सांगतो. मूलहून गडचिरोलीकडे जाताना एका छोट्या गावात फेटा, धनुष्यबाण असलेला पुतळा होता. शिलेवर फक्त उद्घाटकाचं नाव, रंग उडालेला. मी बिनधास्त लिहिलं, बिरसा मुंडा. तेही एका स्मरणिकेत, छापून. धनुष्य हा पुरावाच नव्हे. आदिवासी वीर म्हटलं की मूर्तिकार धनुष्य देऊन टाकतात, आणि फायबरचे पुतळे एकाच साच्यातून अनेक गावांना जातात.

पुढच्या फेरीत चहाच्या टपरीवर बसलेल्या म्हाताऱ्या काकाजींनी हटकलं, "बिरसा कायले? हे आमचे बाबुराव राजे होत."

तेव्हापासून 'हा पुतळा कोणाचा' असं विचारायचं सोडलं. त्या प्रश्नावर लोक शाळेत ऐकलेलं नाव सांगतात. मी विचारतो, "याले हार कोणत्या दिवशी घालता?" बिरसा मुंडांची जयंती 15 नोव्हेंबरला, स्मृतिदिन 9 जूनला. काकाजींचे बाबुराव राजे म्हणजे इंग्रजांविरुद्ध लढलेले गोंड वीर बाबुराव शेडमाके. त्यांची जयंती 12 मार्चला, आणि 21 ऑक्टोबर हा 1858 मध्ये चंद्रपूरला त्यांना फाशी दिली तो दिवस. त्या गावात सगळे 21 ऑक्टोबर म्हणाले, बायकाही, पोरंही. पुतळ्याच्या गळ्यात वाळलेला झेंडूचा हार असेल तर तो कोणत्या दिवसाचा तेवढं विचारून घ्या, शिलेपेक्षा तो जास्त बोलतो.

याचीही मर्यादा आहे. 15 नोव्हेंबरला अनेक गावांत आदिवासी पुतळा म्हणून कोणालाही हार पडतो. त्यामुळे एक तारीख जुळली म्हणजे झालं असं नाही. दुसरी तारीख जुळते का ते पाहा, म्हणजे जयंती आणि स्मृतिदिन दोन्ही.

शेवटची पायरी ग्रामपंचायत. पुतळा बसवण्याचा ठराव प्रोसिडिंग बुकात सापडतो का, ते सरपंच किंवा ग्रामसेवकांना विचारा. पुतळा नगरपरिषद हद्दीत असेल तर तिथे विचारा. शोधताना 'शेडमाके', 'शेडमाखे', 'बाबूराव', 'बापूराव' अशी सगळी रूपं पाहा, कारण लिहिणाऱ्याने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. ठरावच नसेल तर वर्गणी गोळा करणाऱ्या समितीची पावती कोणाच्या तरी पेटीत असते, त्यावर पुतळ्याचं नाव छापलेलं सापडतं.

माझ्या त्या गावात ठराव मिळाला नाही, पावती मिळाली. तिच्यावर लिहिलं होतं, 'वीर बाबुराव शेडमाके पुतळा समिती'. स्मरणिकेच्या उरलेल्या प्रतींत मी चिठ्ठ्या चिकटवून आलो.