लॅपटॉप बंद पडला? सरांना वेळ मागताना हिशोब करून मागा

प्रोजेक्ट संध्याकाळी 5 ला द्यायचा आणि सकाळी लॅपटॉप सुरूच होईना, तर आधी सरांना कळवा, मग नवी पेठेतलं दुरुस्तीचं दुकान गाठा. मुदत उलटल्यावर केलेला मेसेज सबबच वाटतो.

नवी वेळ मात्र दुकानदाराशी बोलून ठरवा. डिस्क शाबूत असेल, तर ती काढून दुसऱ्या लॅपटॉपला जोडून फाईल मिळू शकते. (डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर ती उघडायला रिकव्हरी की लागते.) समजा, तो म्हणाला उद्या दुपारी 12 ला फाईल देतो. उरलेलं काम चार तासांचं. म्हणजे 4 वाजले. तरी रात्री 8 ची वेळ मागा. मुदत दुसऱ्यांदा वाढवून मागणं फार जड जातं.

दुकानात लॅपटॉप दिल्यावर वेळ मागायचा मेसेज असा:

"नमस्कार सर, आज सकाळी माझा लॅपटॉप बंद पडला, दुरुस्तीला दिलाय. पावतीचा फोटो जोडला आहे. पहिली तीन प्रकरणं ईमेलवर होती, ती आत्ताच पाठवतो. निष्कर्षाचं प्रकरण उद्या रात्री 8 पर्यंत दिलं तर चालेल का?"

तयार भाग सोबत जोडायला विसरू नका. काम खरंच झालेलं आहे, हे सरांना त्यातूनच दिसतं.