स्लाइड बदलण्याआधीचं एक वाक्य

ऑफिसातलं पाच मिनिटांचं इंग्रजी प्रेझेंटेशन मी दोनदा पाठ केलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी अडखळले: स्लाइड बदलताना. मजकूर येत होता, पण एका भागातून दुसऱ्यात जायला वाक्यच नव्हतं. मग नुसतं ‘सो... नेक्स्ट...’ व्हायचं आणि विषय बदललाय हे ऐकणाऱ्यांना कळायचं नाही.

तिसऱ्या वेळी पाठांतर सोडलं आणि फक्त सांधे लिहून काढले. विषय होता ग्राहकांच्या तक्रारींना उत्तर द्यायला होणारा उशीर. सुरुवातीला म्हटलं, ‘आय विल कव्हर टू थिंग्ज: व्हाय अवर रिप्लाइज आर लेट, अँड व्हॉट वी कॅन चेंज.’ दोनच मुद्दे सांगितले की ऐकणारा मनात मोजत राहतो.

कारणं संपल्यावर, ‘सो दॅट्स व्हाय दे आर लेट. नाऊ लेट्स मूव्ह ऑन टू व्हॉट वी कॅन चेंज.’ पहिलं वाक्य मागचं दार लावतं, दुसरं पुढचं उघडतं, आणि सुरुवातीचेच शब्द पुन्हा आल्याने धागा टिकतो. हे जुनी स्लाइड पडद्यावर असतानाच बोलायचं, मग क्लिक. आधी क्लिक केलं तर लोक नवी स्लाइड वाचू लागतात आणि आपलं वाक्य हवेत विरतं.

‘टू सम अप’ म्हटल्यावर नवा मुद्दा आणायचा नाही. मी तिथे फक्त मागणी ठेवली: ‘वी नीड वन मोर पर्सन इन द मॉर्निंग.’ मग, ‘आय ॲम हॅपी टू टेक क्वेश्चन्स.’ पहिलाच प्रश्न त्या जादा माणसाबद्दल आला.