गाणं सुरुवातीपासून नको, चढीपासून उलटं लावा

राजगडाच्या ट्रेकचा व्हिडिओ आहे असं धरा. बालेकिल्ल्याचा कातळ चढून दरवाज्यात पोचता आणि खाली पद्मावती माची दिसते, तो शॉट 1:30 वर येतो. संगीत नेमकं तिथेच खुललं पाहिजे. बहुतेक जण ट्रॅक 0:00 वर टाकतात, मग ढोल वाजतो तेव्हा पडद्यावर कोणीतरी बुटाची नाडी बांधत असतं.

ट्रॅकची वेव्हफॉर्म, म्हणजे त्याच्या आवाजाची पट्टी, बघा. पट्टी अचानक जाड होते ती जागा शोधा, तीच गाण्याची चढ. समजा ती 1:04 वर आहे. ती 1:30 खाली आणली की ट्रॅक आपोआप 0:26 ला सुरू होतो. आधीचे 26 सेकंद पहाटेचे, तिथे पक्षी आणि पावलांचा आवाज पुरतो. मला तर तोच भाग जास्त आवडतो.

व्हिडिओतली चढण छोटी पडली तर ट्रॅक मधून कापा, पण मोजून. 120 बीपीएमला, म्हणजे मिनिटाला 120 ठोके असताना, चार ठोक्यांचं एक आवर्तन 2 सेकंदांचं, म्हणजे आठ आवर्तनं काढली की 16 सेकंद कमी. दोन्ही काप पहिल्या ठोक्यावरच द्या, नाहीतर कान अडखळतो. कापल्यावर चढीची जागा पुन्हा 1:30 शी जुळवा.

माचीवर तुम्ही बोलत असाल तिथे मात्र हा ट्रॅक काढून टाका. नुसता आवाज कमी करून भागत नाही, कारण ढोल शब्दांवर येतोच. तिथे संथ, तालवाद्य नसलेला तुकडा लावा.