पीएलएच्या प्रिंटला तारा सुटतात? रिट्रॅक्शन लावताना या चुका टाळा

थ्रीडी प्रिंटरवर दोन खांब शेजारी शेजारी छापले आणि मधल्या हवेत प्लास्टिकचे केस लोंबताना दिसले, की बहुतेक जण स्लायसर उघडून रिट्रॅक्शनचं अंतर वाढवतात, म्हणजे नोझल एका जागेवरून दुसरीकडे उडी मारताना फिलामेंट किती मिमी मागे खेचायचं तो आकडा. पाचचं सहा, सहाचं आठ. तारा थोड्या कमी होतात पण जात नाहीत, आणि काही प्रिंटनंतर नोझल तुंबतं ते वेगळंच. अंतराला हात लावायचा, पण त्याआधी तीन गोष्टी तपासून घ्यायच्या.

फिलामेंट ओलं असताना आकडे जुळवत बसणं

पीएलए हवेतला ओलावा शोषतं. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत रीळ उघडं राहिलं तर विचारायलाच नको. नोझलमध्ये त्या पाण्याची वाफ होते आणि ती वितळलेलं प्लास्टिक बाहेर ढकलते. मग फिलामेंट कितीही मागे खेचा, गळती चालूच राहते. नोझलजवळ कान दिला तर बारीक चटचट ऐकू येते आणि भिंतींवर खरखरीतपणा दिसतो. अशा वेळी रीळ ४५ ते ५० अंशांवर पाच-सहा तास सुकवा. घरगुती ओव्हनवर भरवसा ठेवू नका. तो ठरवलेल्या तापमानाच्या बराच वर जातो आणि पीएलए साठ अंशांच्या आसपासच मऊ पडतं, म्हणजे रिळाचे वेढे एकमेकांना चिकटून बसतात.

तापमान जास्त ठेवून रिट्रॅक्शनला दोष देणं

जास्त गरम पीएलए पातळ होतं आणि आपल्या वजनानेच ओघळतं. २१० वर छापत असाल तर पाच-पाच अंशांनी खाली या. थर नीट चिकटत नाहीत किंवा एक्स्ट्रूडर टकटक करू लागतो, तिथे थांबा आणि एक पायरी वर चढा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तारा बऱ्याचदा इथेच संपतात. जाड दोऱ्या आणि भिंतीवरचे फुगीर ठिपके उरले, तर मग रिट्रॅक्शनकडे वळा.

स्लायसरमधला आकडा नोझलपर्यंत पोहोचतो असं धरून चालणं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. एंडर ३ सारखा बाउडन प्रिंटर घ्या. अंतर ५ मिमी आणि गती सेकंदाला ४५ मिमी, अशी सुरुवात ठीक आहे. पण गीअर आणि नोझल यांच्यामध्ये लांबलचक नळी आहे. नळी आतून २ मिमी रुंद आणि फिलामेंट १.७५, म्हणजे थोडी ढिलाई तिथेच आली. त्यात नळी धरून ठेवणारा कपलर सैल असेल तर प्रत्येक खेचीला नळीच वरखाली होते. प्रिंट चालू असताना हॉटएंडच्या कपलरकडे नीट बघा. नळी एक मिलिमीटर हलत असेल, तर पाचातला एक तिथेच गेला. अशा वेळी अंतर वाढवण्यापेक्षा कपलर बदला. प्रिंटर थांबवून, हॉटएंड गरम असताना जपून, नळी आत पूर्ण टेकलेली आहे ना तेही बघा.

गतीचंही तसंच आहे. प्रिंटर चालवणाऱ्या मार्लिन फर्मवेअरच्या मूळ सेटिंगमध्ये एक्स्ट्रूडरची कमाल गती सेकंदाला २५ मिमी असते. ती तशीच राहिली असेल तर स्लायसरमध्ये ४५ टाका नाहीतर ६०, प्रिंटर २५ नेच खेचणार. मग "गती बदलून काही फरक पडत नाही" अशी समजूत होते. टर्मिनलमध्ये `M503` देऊन `M203` च्या ओळीतला E बघा. कमी असेल तर:

```
M203 E50
M500
```

दुसरी ओळ सेटिंग जपून ठेवते.

हे झालं की मग चाचणी. ५-६ सेमी अंतरावर दोन बारीक खांब, तापमान आता कायम, गती ४०. अंतर ४ पासून अर्ध्या अर्ध्या मिमीने वाढवत न्या. समजा ४ ला दोऱ्या, ४.५ ला केस, ५ ला जवळपास साफ आणि ५.५ ला तसंच, तर ५ घ्या. जिथे सुधारणा थांबते तिथलाच सर्वात छोटा आकडा आपला. त्यानंतर गती थोडी वर-खाली करून बघा. दोन्ही आकडे एकदम बदलले तर काम कशाने झालं ते कळत नाही. गती जास्त झाली की गीअर फिलामेंट कुरतडतो आणि त्याच्या दातांजवळ फिलामेंटच्याच रंगाचा भुगा साचतो. खांबावर प्रत्येक उडीनंतर सुरुवातीचा भाग रिकामा दिसला, तर अंतर जास्त झालं आहे.

डायरेक्ट ड्राइव्हला हे आकडे लावू नका. तिथे गीअर नोझलच्या अगदी वर असतो, त्यामुळे ०.५ ते २ मिमी पुरतात. त्याला ५ मिमी खेचलं तर मऊ झालेलं टोक थंड भागात जाऊन फुगतं आणि अडकतं. नवा प्रिंटर घेऊन जुनी प्रोफाइल तशीच उचलणाऱ्यांचं नोझल बऱ्याचदा यानेच तुंबतं.

एक बारीक गोष्ट राहिली. क्युरामध्ये `Combing Mode` चालू असेल तर वस्तूच्या आतल्या आत होणाऱ्या उड्यांना रिट्रॅक्शन होतच नाही. पोकळ वस्तूच्या आतच तारा दिसत असतील तर `Max Comb Distance With No Retract` मध्ये १०-१५ मिमी टाका. लांबच्या उड्यांना मग फिलामेंट मागे खेचलं जाईल.