मुलाला पॅरासिटामॉलचं सिरप देताना या चुका टाळा

"ताप आला की पाच एमएल द्यायचं ना?" मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न मला रोज येतो. मी उलट विचारतो, कुठल्या बाटलीतलं पाच एमएल? कारण एमएल म्हणजे नुसतं पातळ औषध किती, ते कळतं. ताप उतरवणारं पॅरासिटामॉल त्यात किती मिलीग्रॅम आहे, ते बाटलीवरच वाचावं लागतं.

मुलांसाठी आपल्याकडे साधारण तीन प्रकार मिळतात. साध्या सिरपच्या ५ एमएलमध्ये १२० किंवा १२५ मिलीग्रॅम औषध असतं. जास्त ताकदीच्या, बहुतेकदा 'डीएस' लिहिलेल्या सिरपच्या तेवढ्याच ५ एमएलमध्ये २५० असतं. ड्रॉपरवाल्या छोट्या बाटलीत मात्र एका एमएलमध्येच १०० मिलीग्रॅम असतं. ड्रॉप्स तान्ह्या बाळाचे म्हणून सौम्य असतील असं वाटतं, पण सगळ्यात दाट तेच. साध्या सिरपच्या मापाने ड्रॉप्स पाजले तर चौपट औषध पोटात जातं.

डोस ठरतो वजनावर, वयावर नाही. एका वेळेला दर किलोला १० ते १५ मिलीग्रॅम. समजा दीड वर्षाची मुलगी आहे, वजन ११ किलो. ११ गुणिले १५ म्हणजे १६५ मिलीग्रॅम. डीएसच्या एका एमएलमध्ये ५० मिलीग्रॅम, म्हणून तिला ३.३ एमएल. १२५ वाल्या सिरपच्या एका एमएलमध्ये २५, म्हणून ६.६ एमएल. ड्रॉप्स असतील तर जेमतेम १.६ एमएल. मूल एक, डोस एकच, पण आकडे तीन. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एमएल लिहिलं असेल, तर हातातली बाटली त्याच ताकदीची आहे का, ते दुकानातच बघून घ्या. वजन लसीकरणाच्या कार्डावरचं जुनं धरू नका. मुलाला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकट्याने, आणि वजाबाकी करा.

आता ३.३ एमएल मोजायचं कशाने? घरातल्या चमच्याने तर नाहीच. एका घरातले दोन चहाचे चमचेसुद्धा सारखे भरत नाहीत. टोपणावर बहुतेक २.५, ५ आणि १० च्याच खुणा असतात, मधला आकडा अंदाजाने भरला जातो. बिनसुईची ५ एमएलची सिरिंज घ्या, ती अगदी स्वस्तात मिळते. सस्पेन्शन असेल तर बाटली आधी नीट हलवा, नाहीतर तळाशी बसलेलं सगळं औषध शेवटच्या डोसांत येतं. आणि एका बाटलीचा ड्रॉपर दुसरीला लावू नका.

दोन डोसांमध्ये निदान चार तास, शक्यतो सहा तास जाऊ द्या. चोवीस तासांत चारच्या वर डोस नकोत, आणि हे चोवीस तास पहिल्या डोसापासून धरायचे, रात्री बारापासून नव्हे. औषध दिल्यावर अर्ध्या तासात ताप उतरला नाही म्हणून पुन्हा पाजणारे खूप. परिणाम दिसायला तासभर लागू शकतो, आणि ताप एक-दोन डिग्रीच उतरला तरी औषधाने काम केलेलं असतं.

दुहेरी डोस मात्र न दिसता होतो. मागे एक बाई अशाच ११ किलोच्या मुलीसाठी डीएसची दुसरी बाटली मागायला आल्या. "इतक्या लवकर संपली?" म्हटल्यावर बोलता बोलता कळलं, की त्या दिवसातून चारदा ३.३ एमएल देत होत्या. तिथवर ठीक होतं. पण दुपारी आजी थोरल्या नातवाचं सर्दीचं सिरपही धाकटीला तीनदा पाच-पाच एमएल पाजत होत्या. त्या सिरपच्या ५ एमएलमध्येही १२५ मिलीग्रॅम पॅरासिटामॉल होतं. ६६० अधिक ३७५, म्हणजे दिवसाला १०३५ मिलीग्रॅम. किलोमागे ६० पर्यंत थांबायचं, तिथे ९४ होत होतं, तेही दोन दिवस. शिवाय त्या सिरपमध्ये असलेली क्लोरफेनिरामिन-फिनाइलएफ्रिन ही सर्दीच्या औषधांची जोडी चार वर्षांखाली द्यायचीच नसते. मी दुसरी बाटली दिली नाही. दोन्ही सिरपं घेऊन त्यांना लगेच डॉक्टरांकडे पाठवलं.

आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडच्या तापाच्या सिरपांतही बरेचदा पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. दवाखान्यात दिलेलं इंजेक्शन किंवा गुदद्वारातून ठेवलेली गोळीही डोसच धरायची, म्हणून निघताना काय दिलं आणि किती वाजता, ते विचारून घ्या. घरी फ्रिजवर कागद लावा, जो पाजेल त्याने वेळ आणि एमएल लिहायचं.

तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल, किंवा मुलाला यकृताचा आजार असेल, तर हा हिशेब घरी करू नका, डॉक्टरांनाच विचारा. आणि डोस जास्त गेल्याचं कळलं तर मूल खेळतंय म्हणून वाट पाहू नका, उलटीही करवू नका. यकृताला इजा होत असली तरी पहिल्या दिवशी मूल अगदी ठणठणीत दिसू शकतं. उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, पण पहिल्या आठ तासांत तो सर्वात चांगला लागू पडतो. म्हणून बाटली सोबत घ्या आणि थेट मोठं रुग्णालय गाठा.