चंदनाच्या तेलातले अत्तर घेताना या चुका टाळा

मिरजेला मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात किंवा सांगलीच्या पेठेत अत्तराच्या बाटलीवर ‘अल्कोहोल नाही’ असे वाचून ती अस्सल असल्याचे गृहीत धरणे, ही सर्वांत मोठी चूक आहे. अल्कोहोल नसले तरी फुलाचा सुगंध धरून ठेवायला काहीतरी तेल लागतेच, आणि खरा प्रश्न ते तेल कोणते, हा असतो. परंपरागत अत्तरात हे आधाराचे तेल, म्हणजे बेस, चंदनाचे असते. स्वस्त मालात त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन किंवा डायइथाइल थॅलेट हे जवळजवळ वास नसलेले रसायन असते, आणि या दोन्हींतही अल्कोहोल नसल्यामुळे बाटलीवरचा मजकूर खोटा ठरत नाही.

अत्तरासाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या पद्धतीत तांब्याच्या देगेत गुलाबाच्या पाकळ्या आणि पाणी घालून तोंड मातीने लिंपतात. वाफ बांबूच्या चोंग्यातून भपक्यात, म्हणजे थंड पाण्याच्या हौदात ठेवलेल्या भांड्यात उतरते, आणि त्या भपक्यात आधीपासूनच चंदनाचे तेल असते. वाफेचे पाणी होते, सुगंध तेलात मुरतो, पाणी निथळून पुन्हा देगेत जाते आणि दुसऱ्या दिवशी त्याच तेलावर ताज्या फुलांची वाफ सोडतात. असे बरेच दिवस चालते, म्हणून अत्तराची किंमत मुळात चंदनापासून मोजावी लागते.

किंमत न तपासणे ही दुसरी चूक. आमच्या परिचयातल्या एका गृहस्थांनी उरुसाच्या गर्दीत दोनशे रुपये तोळा दराने ‘चंदन बेसचे’ गुलाब अत्तर घेतले. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. अस्सल भारतीय चंदनतेलाचा भाव किलोला एक लाख रुपये इतका कमी धरला, तरी तोळाभर तेलाचेच ११६६ रुपये होतात. फुले, सरपण, मजुरी आणि दुकानदाराचा नफा त्यावर वेगळा. दोनशे रुपयांत मिळालेल्या बाटलीत चंदन नाममात्रच असू शकते, हे वास न घेताही सांगता आले असते. महाग आहे म्हणून माल खरा असे मात्र उलट्या बाजूने म्हणता येत नाही.

त्यांनी घरी जी परीक्षा केली, ती तर अस्सल मालालाच नापास करणारी आहे. कागदावर थेंब टाकून तेलकट डाग उरला तर भेसळ, असा समज सर्वत्र आहे. हलक्या सुगंधी तेलांसाठी तो बऱ्याच अंशी ठीक, पण चंदनाचे तेल अतिशय सावकाश उडत असल्याने त्याचा डाग कित्येक दिवस राहतो. त्याच कागदाचा उपयोग वासासाठी करावा. पहिल्या मिनिटाला काय वाटले यावरून निर्णय न घेता कागद ठेवून द्यावा आणि संध्याकाळी व दुसऱ्या दिवशी पुन्हा हुंगावा. फूल हळूहळू मागे सरून खालून मऊ, दुधाळ, लाकडी चंदन वर यायला हवे. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच तीव्र वास राहिला, किंवा वास गेल्यावर नुसती चिकट ओल उरली, तर बेस दुसरा आहे असे समजावे.

याहून स्पष्ट खूण हवी असेल तर पेल्यातल्या पाण्यात ड्रॉपरचे टोक पृष्ठभागाखाली बुडवून एक थेंब सोडावा, कारण वरून टाकलेला थेंब पाण्याच्या ताणावर तरंगून फसवतो. थॅलेट पाण्यापेक्षा जड असल्याने तळाला जाते. चंदनतेल पाण्याहून किंचितच हलके असल्याने थेंब आळसटपणे वर येतो, तर पॅराफिन झटकन वर जाते. पॅराफिनची शंका उरलीच तर ओळखीच्या होमिओपॅथकडून ९० टक्क्यांच्या आसपासचे थोडे अल्कोहोल मागून घ्यावे आणि त्याच्या वीस थेंबांत अत्तराचा एक थेंब हलवावा. चंदनतेल विरघळते, पॅराफिन गढूळ होऊन वेगळे राहते.

या परीक्षा बेसच्या आहेत, सुगंधाच्या नव्हेत. जड आणि हलके बेस एकत्र केले तर पाण्याची परीक्षा निकामी होते, आणि खऱ्या चंदनतेलात कृत्रिम गुलाब मिसळला असेल तर तो घरात ओळखता येत नाही. त्यासाठी मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारी प्रयोगशाळेतली गॅस क्रोमॅटोग्राफीच लागते. मोठी खरेदी करायची असेल, तर विक्रेत्याकडे त्या खेपेचा तसा अहवाल मागण्यात संकोच करू नये.

शेवटची चूक म्हणजे गढूळ दिसलेली चांगली बाटली परत करणे. नव्या अत्तरात भपक्यातले थोडे पाणी राहू शकते. कनौजला पूर्वी ते चामड्याच्या कुप्पीत ठेवत, म्हणजे ओल चामड्यातून निघून जाई. घरी बाटली काही दिवस सावलीत उभी ठेवावी. पाणी तळाशी बसले की वरचे अत्तर ड्रॉपरने कोरड्या काचेच्या कुपीत काढून घ्यावे.